न मागता दिलेल्या सवलतीचा हिशेब

कूपनाचा जमाखर्च मांडताना व्यापारी सव्वाशेहून अधिक वर्षे एकाच आकड्याकडे पाहत आला आहे. वाटलेल्या कूपनांपैकी किती परत आली, एवढेच तो मोजतो. पूर्वी हा आकडा कात्रणांच्या गठ्ठ्यांवरून निघे, आज तो ऑनलाइन दुकानाच्या पडद्यावर क्षणात उमटतो: अमुक कोड इतक्यांनी वापरला, त्यातून इतकी विक्री झाली, इतकी सूट गेली. या हिशेबात सगळे असते, फक्त एक प्रश्न नसतो. सवलत दिली नसती तर यांतला किती माल तरीही विकला गेला असता? कूपनाचा खरा खर्च या प्रश्नाच्या उत्तरात असतो, कारण जो ग्राहक पूर्ण किंमत देणारच होता त्याला दिलेली सूट ही न मागता दिलेली भेट ठरते. हे उत्तर मिळवण्याची संधी व्यापाराच्या इतिहासात अनेकदा आली आणि दर वेळी ते महागात मिळाले, तरीही पुढच्या पिढीने ते विसरून हिशेब पहिल्या पानापासून सुरू केला.

आरंभीचे कूपन मात्र आजच्या कोडपेक्षा अधिक विचारपूर्वक वापरले गेले होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अटलांटाच्या आसा कँडलर यांनी कोका-कोलाच्या एका मोफत पेल्याच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. १८९४ ते १९१३ या काळात अशा सुमारे ८५ लाख पेल्यांचे वाटप झाले, असा कंपनीचाच अंदाज आहे. त्या चिठ्ठीमागचे गणित साधे आणि बंदिस्त होते. पेय लोकांना अपरिचित होते, म्हणून चिठ्ठी घेऊन येणारा बहुतेक ग्राहक खरोखरच नवा असे. खर्च एका पेल्यापुरता होता, आणि चव आवडली तर पुढचा पेला पाच सेंट मोजूनच घ्यावा लागे. सवलत कोणाला, किती आणि किती वेळा, या तिन्ही प्रश्नांना तिथे निश्चित उत्तर होते. पुढच्या शतकात सवलतींचे जे जे प्रयोग फसले, त्यांत या तीनपैकी एखादे उत्तर हरवलेले दिसते.

पहिले हरवले ते ‘किती’चे उत्तर. १८९६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने दुकानदारांना हिरवी तिकिटे विकली. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला देई, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वही भरली की वस्तू मिळे. हीच कल्पना ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये ‘ग्रीन शील्ड’ नावाने आली आणि १९६३ मध्ये टेस्को या किराणा साखळीने ती स्वीकारली. तिकिटे मोजक्याच दुकानांत होती तोवर त्यांनी गिऱ्हाईक ओढले. प्रतिस्पर्ध्यांनी वेगळ्या रंगाची तिकिटे आणल्यावर ओढ समसमान झाली आणि खर्च मात्र सगळ्यांच्या माथी राहिला. मग दुप्पट, तिप्पट तिकिटांची चढाओढ लागली, पेट्रोल पंपांवर तर ती विशेष रंगली. ज्याला आज आपण सवलतीवर सवलत रचणे किंवा ‘स्टॅकिंग’ म्हणतो त्याचा हा कागदी पूर्वज होय. १९७७ मध्ये टेस्कोने तिकिटे बंद केली, तो पैसा थेट किमती उतरवण्यात घातला आणि वर्षभरात बाजारातील आपला वाटा सुमारे ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास नेला. चौदा वर्षे ज्या खर्चाला विक्रीचा आधार मानले होते तो काढून घेतल्यावर विक्री कोसळली नाही, वाढली. तिकिटे किती वाटली याच्या नोंदी कंपनीकडे होत्याच, पण त्यांवरून हे कधीच कळले नसते.

आपल्याकडचा धडा याहून जवळचा आहे. गांधी जयंतीपासून सुरू होणारी खादीवरील सूट महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या खरेदीच्या वेळापत्रकात बसली होती. कुर्ते, सतरंज्या, चादरी घ्यायच्या त्या ऑक्टोबरमध्येच, हे ठरून गेलेले असे. केंद्राची सूट, तिच्यावर काही राज्यांची स्वतंत्र सूट, असा थरही त्यात होता. सवलत विक्रीवर दिली जात असल्याने विक्री सवलतीच्या दिवसांत दाटे, एरवी भांडारे रिकामी राहत, आणि अनुदानाचा पैसा सूत कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांपर्यंत किती पोचतो हा प्रश्न अनुत्तरित राही. अखेर, मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या व्यवस्थेत १ एप्रिल २०१० पासून विक्रीवरील सूट बदलून उत्पादनावरील साहाय्य आले. ते उत्पादनमूल्याच्या २० टक्के होते आणि त्यातला चौथा हिस्सा थेट कारागिरांसाठी राखला गेला. फक्त सवलतीतच खरेदी करणारा ग्राहक कसा घडतो, याचे इतके दीर्घ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. असा ग्राहक स्वभावाने कंजूष नसतो. त्याला थांबायला शिकवलेले असते, आणि हे शिक्षण विक्रेत्याने वर्षानुवर्षे, ठरलेल्या तारखेला, स्वतः दिलेले असते.

एकदा शिकवलेले विसरायला लावणे किती अवघड असते, हे विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दिसले. प्रॉक्टर अँड गँबलने नव्वदच्या दशकात कूपने आणि सवलती कमी करून मूळ किमती उतरवण्याचे धोरण घेतले होते. कुसुम ऐलावडी, डोनाल्ड लेहमन आणि स्कॉट नेसलिन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या धोरणाने कंपनीचा बाजारातील वाटा घटल्याचे, पण नफा बहुधा वाढल्याचे दाखवले. त्याच कंपनीने १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज या शहरांत कूपने पूर्ण बंद करून पाहिली, तेव्हा मात्र ग्राहक संतापले, निदर्शने झाली, इतर उत्पादकांशी संगनमताच्या संशयावरून राज्याने चौकशी केली, आणि १९९७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. तडजोडीत संबंधित कंपन्यांनी, आरोप मान्य न करता, ४२ लाख डॉलरची कूपने ग्राहकांना दिली. पंधरा वर्षांनी जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीने तीच वाट अधिक घाईने धरली. २०११ मध्ये तिने सुमारे ५९० वेगवेगळ्या सवलत-मोहिमा चालवल्या होत्या आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश उत्पन्न निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत विकलेल्या मालातून येत होते. २०१२ मध्ये कूपने एकदम काढून रोजची ‘रास्त किंमत’ लावताच वर्षभरात विक्री सुमारे चौथ्या हिश्शाने घसरली, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जावे लागले. टेस्कोला सुटका लाभली आणि पेनीला ती भोवली, याचे एक कारण असे की टेस्कोने ग्राहकाला तिकिटाच्या जागी उघड दिसणारी स्वस्ताई दिली, तर पेनीच्या ग्राहकाला सवलत हीच किमतीची ओळख झाली होती. कूपनाच्या खर्चात म्हणूनच ते बंद करण्याचा खर्चही धरावा लागतो, आणि तो दरवर्षी साचत जातो.

या साऱ्या काळात कूपनाला एक तात्त्विक समर्थन होते आणि ते खोटे नव्हते. अभ्यासक चक्रवर्ती नरसिंहन यांनी १९८४ मध्ये ते नेमके मांडले. कूपन कापणे, जपणे, दुकानात घेऊन जाणे यात कष्ट आहेत. ज्याला पैशाची किंमत वेळेपेक्षा अधिक तोच ते कष्ट घेतो, म्हणून सवलत किमतीला संवेदनशील असलेल्या ग्राहकापर्यंतच पोचते आणि बाकीचे पूर्ण किंमत देतात. कष्ट हा त्या व्यवस्थेचा दोष नव्हता, चाळणी होती. संगणकीय कोडने ही चाळणीच काढून टाकली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘हनी’सारख्या ब्राउझर-जोडण्या पैसे भरण्याच्या पानावर उपलब्ध कोड आपणहून लावून पाहतात, आणि त्या कंपनीसाठी पेपालने २०१९ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली. सामान टोपलीत टाकून, पत्ता भरून, खरेदीचा निर्णय झालेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर सवलत देणारी ही व्यवस्था आहे. तिथे कूपन ग्राहकांत निवड करत नाही, ते नुसती किंमत उतरवते. तरीही अहवालात ती विक्री ‘कूपनामुळे झालेली’ म्हणूनच नोंदली जाते.

मग मोजायचे कसे? टेस्को आणि पेनी यांना जे सर्वस्व पणाला लावून कळले ते आज थोडक्यात कळू शकते. यादीतल्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला कोड पाठवायचा आणि दुसऱ्याला राखीव ठेवायचे. समजा एका छोट्या कापड-विक्रेत्याची सरासरी मागणी १,००० रुपयांची आहे आणि माल व खर्च वजा जाता त्यात ४०० रुपये सुटतात. त्याने १०,००० ग्राहकांना २० टक्के सुटीचा DIWALI20 हा कोड पाठवला आणि दुसरे १०,००० राखीव ठेवले. पहिल्या गटातून ४०० मागण्या आल्या, त्यांपैकी ३२० कोड लावून आणि ८० कोडशिवाय. राखीव गटातून २८० आल्या. पडद्यावरचा अहवाल सांगेल की कोडने २,५६,००० रुपयांची विक्री आणली आणि सूट फक्त ६४,००० रुपये गेली. खरा हिशेब वेगळा निघतो. पहिल्या गटाचा नफा ३२० मागण्यांवर प्रत्येकी २०० आणि ८० मागण्यांवर प्रत्येकी ४००, म्हणजे ९६,००० रुपये. राखीव गटाचा, सवलतीविना, २८० गुणिले ४००, म्हणजे १,१२,००० रुपये. कोडने १२० मागण्या वाढवल्या हे खरे, पण त्यांतल्या प्रत्येक वाढीव मागणीमागे ५३३ रुपयांची सूट गेली आणि तिच्यात सुटणार होते ४०० रुपये. मोहीम १६,००० रुपयांनी बुडाली, आणि अहवालात ती यशस्वी दिसली.

या तुलनेत एक चूक फार सहज होते. कोड वापरणाऱ्यांची तुलना कोड न वापरणाऱ्यांशी केली जाते, आणि वापरणारे मुळातच खरेदीला निघालेले असल्याने कोड नेहमीच जिंकतो. तुलना संपूर्ण गटाची संपूर्ण गटाशीच हवी, कोड लावला असो वा नसो. गट पुरेसे मोठेही हवेत. हजार-हजारांच्या गटांत ४० आणि २८ मागण्या आल्या तर तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आणि नोंद मोहिमेच्या शेवटच्या दिवशी थांबवून चालत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कोड मिळालेल्या गटाची खरेदी राखीव गटापेक्षा कमी भरली, तर त्या १२० वाढीव मागण्यांतल्या काही उद्याच्याच मागण्या आज उचलून आणलेल्या होत्या. उलट ती जास्त भरली, तर सवलतीने खरी सवय लावली असे म्हणता येते आणि आजचा तोटा गुंतवणूक ठरू शकतो. खादी भांडारांच्या ऑक्टोबरमधल्या गर्दीचा अर्थ उरलेल्या महिन्यांकडे पाहिल्याशिवाय लागत नव्हता, तसेच हे आहे.

सवलतींचा थर लागला की हिशेब आणखी निसटतो, कारण प्रत्येक थराचा मालक वेगळा असतो. त्याच विक्रेत्याकडे सणाची २० टक्के सूट एकाने ठरवली, नव्या ग्राहकाची १० टक्के दुसऱ्याने, सरसकट १०० रुपये कमी करणारा कोड तिसऱ्याने, आणि ६० रुपयांचा घरपोच खर्च माफ चौथ्याने. प्रत्येकाच्या कागदावर १,००० रुपयांची मागणी नफ्यातच दिसते. एकत्र लावल्यावर १,००० चे ८००, त्याचे ७२०, त्याचे ६२० होतात. माल व खर्चाचे ६०० आणि पाठवणीचे ६० गेल्यावर प्रत्येक मागणीमागे ४० रुपये पदरचे जातात. क्रम बदलून आधी १०० रुपये वजा केले तर शेवटची किंमत ६४८ येते. म्हणजे कोणती सूट आधी लागते, या तांत्रिक वाटणाऱ्या नियमातच २८ रुपये दडलेले असतात. याहून गंभीर गोष्ट अशी की एकच मागणी चारही अहवालांत पूर्णपणे मोजली जाते आणि चारही मोहिमांच्या विक्रीची बेरीज दुकानाच्या एकूण विक्रीहून जास्त भरते. ती तशी भरली की समजावे, श्रेय दुहेरी-तिहेरी वाटले गेले आहे. उपाय म्हणजे हिशेबाचे एकक कोड न ठेवता मागणी ठेवणे आणि सगळ्या सवलती मिळून एका मागणीवर किती नफा उरलाच पाहिजे, याची खालची मर्यादा बांधणे.

ओळखीतून ओळख जोडणाऱ्या रेफरल कोडचा पूर्वेतिहास कूपनाहून वेगळा आहे. सभासदाने सभासद आणावा आणि आणल्याबद्दल पैसे घ्यावेत, अशा साखळ्यांनी इतकी घरे बुडवली की भारताने १९७८ मध्ये त्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. प्रामाणिक दुकानाचा रेफरल कोड त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, पण बक्षीस मालाच्या खरेदीवर न देता केवळ नोंदणीवर दिले तर दुबळेपणा तोच राहतो: साखळी वाढवणे हाच उद्योग होतो. २००० च्या सुमारास पेपालने नव्या खातेदारालाही आणि त्याला आणणाऱ्यालाही पैसे दिले, वाढ झपाट्याने झाली, आणि बक्षिसाची रक्कम टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी ते थांबवावे लागले. आज हे वर्तुळ एका घरातही पूर्ण होते. नवरा बायकोला आणतो, बायको नवऱ्याच्या दुसऱ्या सिमकार्डाला, आणि माल त्याच दारी येतो. आपल्या विक्रेत्याने दोन्ही बाजूंना १०० रुपये देऊन १,००० ‘नवे ग्राहक’ मिळवले, तर खर्च २ लाख आणि माणशी २०० रुपये दिसतो. त्यांतल्या ३५० जणांचा पत्ता, फोन किंवा पैसे भरण्याचे साधन आधीच्या ग्राहकाशी जुळले आणि उरलेल्या ६५० पैकी १३० जणांनीच दुसरी खरेदी पूर्ण किमतीत केली, तर टिकलेला एक ग्राहक १,५०० रुपयांहून महाग पडला. पत्ता जुळणे हा लबाडीचा पुरावा नव्हे, कारण एकत्र कुटुंबात दोन खरे ग्राहक असू शकतात. म्हणून खाती बंद करण्यापेक्षा बक्षीस दुसऱ्या खरेदीनंतर देणे अधिक न्याय्य आणि अधिक स्वस्त पडते.

राहिला तो फक्त सवलतीतच येणारा ग्राहक. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही आणि त्याला सरसकट तोट्यात धरणेही चूक आहे. मागच्या वर्षभरात ज्याची प्रत्येक खरेदी कोडवर झाली, अशांतल्या काहींना पुढचे दोन-तीन कोड पाठवू नयेत आणि पाहावे. काही जण उशिराने का होईना, पूर्ण किमतीत घेतात. त्यांना आजवर दिलेली सूट वाया गेली होती. काही जण परततच नाहीत. त्यांच्याबाबत प्रश्न एवढाच की सवलतीच्या किमतीतही थोडा नफा उरत होता का. उरत असेल तर तो ग्राहक टिकवण्याजोगा आहे, पण त्याला पूर्ण किमतीचा ग्राहक मानून त्याच्यावर पुढच्या वर्षाचे अंदाज बांधू नयेत. आणि त्याच्यासाठी काढलेला कोड सगळ्यांच्या पडद्यावर झळकला, तर पूर्ण किंमत देणारा ग्राहकही थांबायला शिकतो. खादी भांडारांत आणि पेनीच्या दालनांत हेच घडले.

या मोजमापाला मर्यादा आहेत. राखीव गटाला कोड मित्राकडून कळतो, सणाच्या हंगामातले निष्कर्ष पावसाळ्यात लागू पडत नाहीत, आणि किमतीवरचा विश्वास किती झिजला हे कोणत्याही दोन गटांच्या फरकात पूर्णपणे उमटत नाही. पण या मर्यादा मोजणी टाळण्याचे कारण होत नाहीत, कारण न मोजणाऱ्यासाठी तोच प्रयोग काळ करतो, आणि त्याच्याकडे राखीव गट नसतो, अख्खे दुकानच पणाला लागलेले असते. येत्या सणासुदीला कोड काढणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या विक्रेत्याने आपल्या यादीतला दहावा हिस्सा सवलतीविना ठेवावा, सगळ्या सवलतींचा थर एका मागणीवर एकत्र मांडावा, आणि कोड सुरू करण्याआधीच तो कोणत्या तारखेला व कोणत्या आकड्यावर बंद होईल हे लिहून ठेवावे. बंद करण्याची तारीख नसलेली सवलत ही सवलत राहत नाही, ती मालाची नवी किंमत होते.